विमानाचा देश : रंगवलेली अक्षरे की सहा अंकी पत्ता?

रात्री जुन्नरवरून गेलेले विमान कोणत्या देशाचे, या प्रश्नाला आमच्या भागात हल्ली दोन उत्तरे छातीठोकपणे दिली जातात. पहिले असे, की विमानाच्या अंगावर जे रंगवले आहे तोच त्याचा देश. बाकी सगळे यंत्रांचे खेळ. दुसरे असे, की मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर विमानाचा जो सहा अंकी क्रमांक दिसतो त्याचे पहिले दोन अंक पाहावेत, देश लगेच कळतो. मला दोन्ही उत्तरे मान्य नाहीत. त्यातही दुसरे मला जास्त घातक वाटते, कारण ते अर्धवट असूनही शास्त्राचा आव आणते.

पहिल्या पक्षाचा जो भाग खरा आहे तो आधी मान्य करतो. 1944 च्या शिकागो कराराप्रमाणे विमानाचे राष्ट्रीयत्व त्याच्या नोंदणीवरून ठरते, ते एका वेळी एकाच देशात नोंदवता येते आणि नोंदणीची अक्षरे त्याच्या अंगावर असलीच पाहिजेत. भारतीय विमानावर व्हीटी असते, इटलीच्या विमानावर आय. कायद्याने हे बिनतोड आहे. पण कायद्याने अक्षरे असणे वेगळे आणि नारायणगावच्या गच्चीवरून ती वाचता येणे वेगळे. पंखाखालच्या अक्षरांची ठरलेली किमान उंची 50 सेंटिमीटर. विमान डोक्यावर 10 किलोमीटर उंचीवर असेल, तर ते अक्षर आपल्या डोळ्याशी जेमतेम 10 विकलांचा कोन करते. अक्षर ओळखायला निरोगी डोळ्याला साधारण 300 विकला लागतात. म्हणजे अक्षर तीस पटींनी लहान पडते. दहापट मोठे दाखवणारी दुर्बीण लावली तरी ते तीन पटींनी लहानच राहते. हे झाले भरदिवसा, स्वच्छ आकाशात. 7 जुलै 1962 रोजी मध्यरात्रीनंतर, ऐन पावसाळ्यात, अलितालियाचे सिडनीहून रोमकडे निघालेले डीसी-8 विमान मुंबईत उतरण्याच्या तयारीत असताना जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातले सर्व 94 जण मरण पावले. त्याच्याही अंगावर इटलीची अक्षरे नियमाप्रमाणे रंगवलेली होती. खालच्या माणसाला त्या रात्री त्यांचा काय उपयोग होता?

आज असे विमान स्वतःच आपली ओळख सांगत जाते. त्यातला ट्रान्सपाँडर 1090 मेगाहर्ट्झवर सेकंदाला अनेकदा छोटे संदेश सोडतो आणि जवळजवळ प्रत्येक संदेशात 24 बिटांचा एक पत्ता असतो. पडद्यावर तो सोळा-आधारी सहा अंकांत दिसतो. दर अंकामागे चार बिटे. याला गुप्त म्हणणारे चुकतात. तो डोळ्याला दिसत नाही एवढेच. लहानसा अँटेना आणि स्वस्तातला रिसीव्हर असलेल्या कोणालाही तो ऐकू येतो. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणी आकाशातले क्षीण रेडिओ संकेत ज्या पट्ट्यांत ऐकतात त्यांतल्या सर्वांत वरच्या पट्ट्यात ही 1090 ची वारंवारता येते. म्हणजे इथल्या खगोलशास्त्रज्ञांसाठी विमानाचा हा पत्ता निव्वळ गोंगाट आहे.

देश या पत्त्यातच असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 24 बिटांतून होणाऱ्या 1 कोटी 67 लाखांहून अधिक पत्त्यांचे गट पाडून ते देशांना वाटले आहेत. पण गट सारखे नाहीत, आणि दुसऱ्या पक्षाची चूक नेमकी इथे होते. भारताला 2,62,144 पत्ते आहेत आणि ते ओळखायला पहिली सहा बिटे पुरतात. म्हणून 80, 81, 82 किंवा 83 ने सुरू होणारा पत्ता भारताचाच. अमेरिकेला पहिली चार बिटे पुरतात; पहिला अंक A दिसला की काम झाले. संयुक्त अरब अमिरातींना मात्र फक्त 4,096 पत्ते आहेत, त्यासाठी 896 हे तीनही अंक वाचावे लागतात. लँडलाइनचे एसटीडी क्रमांक ज्यांना आठवतात त्यांना हे चटकन समजेल. मुंबईला 022 पुरत असे. जुन्नरचा 02132 आणि मंचरचा 02133. चार अंकांवर थांबणाऱ्याला फोन जुन्नरला लागणार की आंबेगाव तालुक्यात, हे सांगता येत नसे.

आता पहिल्या दोन अंकांवर थांबणाऱ्यांना मी एकच उदाहरण देतो. पडद्यावर 76 ने सुरू होणारा पत्ता दिसला. 760000 ते 767FFF हा गट पाकिस्तानचा आहे. 768000 ते 76FFFF हा सिंगापूरचा. दोघांचे पहिले दोन अंक सारखेच. निकाल तिसऱ्या अंकावर, खरे तर त्यातल्या पहिल्या बिटावर लागतो. समजा तिसरा अंक C आहे. 7 म्हणजे 0111, 6 म्हणजे 0110 आणि C म्हणजे 1100. ओळीने लिहिले की 0111 0110 1100 असे होते. नववे बिट 1 आहे, म्हणजे विमान सिंगापूरचे. तिसरा अंक 0 ते 7 मधला असता तर नववे बिट 0 आले असते आणि विमान पाकिस्तानचे ठरले असते. मुंबई आणि सिंगापूर यांच्यामध्ये रोज विमाने ये-जा करतात. दोनच अंक वाचून त्यांतल्या एखाद्याला पाकिस्तानचे ठरवणे किती सोपे आहे, आणि सध्याच्या दिवसांत ते गावभर पसरायला किती वेळ लागेल, हे मी वेगळे सांगायला नको. 4B चेही तसेच: 4B7 पर्यंत स्वित्झर्लंड, 4B8 पासून तुर्कस्तान.

तिसरा एक आक्षेप अधिक जाणकार मंडळी घेतात आणि त्याचा मी मान राखतो. ते म्हणतात, पत्ता भले सिंगापूरचा निघो, विमान कोणाचे हे त्यावरून कळत नाही. बरोबर आहे, आणि कळावे अशी अपेक्षाही नको. पत्ता नोंदणीचा देश सांगतो. मालक, चालवणारी कंपनी आणि आतले प्रवासी ही वेगळी बाब आहे. इंडिगोने 2023 मध्ये इस्तंबूलच्या उड्डाणांसाठी तुर्की एअरलाइन्सची बोइंग 777 विमाने वैमानिकांसह भाड्याने घेतली. उड्डाणाचा क्रमांक इंडिगोचा, तिकीट इंडिगोचे, पण नोंदणी तुर्कस्तानची, म्हणून पत्ताही तुर्कस्तानच्या गटातला. उड्डाणाचे नाव वैमानिक प्रत्येक फेरीपूर्वी भरतो. पत्त्याचे तसे नसते. मोठ्या प्रवासी विमानांत तो बहुधा ट्रान्सपाँडरच्या डब्यात नसून डबा ज्या चौकटीत बसतो तिथल्या तारांच्या जोडणीत बांधलेला असतो. डबा बिघडला आणि दुसरा बसवला, तरी पत्ता विमानाचाच राहतो. नोंदणी एका देशातून दुसऱ्या देशात गेली की तंत्रज्ञाला ती जोडणी बदलावी लागते. लहान विमानांत पत्ता हाताने भरायचा असतो, आणि चुका होतात त्या मुख्यतः तिथे.

सरकारी आदेशसुद्धा हा भेद पाळतात. भारताने 30 एप्रिल 2025 रोजी आपले आकाश पाकिस्तानसाठी बंद केले, तेव्हा फक्त पाकिस्तानात नोंदलेल्या विमानांवर बंदी घालून भागले नाही. पाकिस्तानी कंपन्यांनी चालवलेली, त्यांच्या मालकीची किंवा त्यांनी भाड्याने घेतलेली विमानेही आदेशात वेगळी नमूद करावी लागली. यातली पहिली अट पत्त्यावरून तपासता येते, बाकीच्या येत नाहीत. पत्त्याची मर्यादा याहून नेमकी मांडता येणार नाही.

पण त्या मर्यादेत तो विश्वासार्ह आहे का? यासाठी संदेश जवळून पाहू. शिकवताना जगभर वापरला जाणारा एक खरा संदेश असा आहे. मोकळ्या जागा मी वाचण्यासाठी सोडल्या आहेत:

```
8D 4840D6 202CC371C32CE0 576098
```

8D हे संदेशाचा प्रकार सांगते. 4840D6 हा पत्ता. त्याची पहिली नऊ बिटे 0100 1000 0, म्हणजे नेदरलँड्स. मधला लांब भाग उलगडला की केएलएमच्या उड्डाणाचे नाव निघते. शेवटचे सहा अंक पडताळ्याचे: आधीच्या सर्व बिटांवर ठरलेले गणित केले की तेच यायला हवेत. वाटेत एखादे बिट बिघडले तर ते जुळत नाहीत आणि संदेश टाकून देता येतो. अशा संदेशात पत्ता उघडा असतो आणि पडताळा वेगळा.

रडारने विचारल्यावर विमान जी उत्तरे देते त्यांतल्या बऱ्याच उत्तरांत हे सुख नसते. तिथे पत्ता आणि पडताळा एकाच 24 बिटांत मिसळलेले असतात. वाटेत एक बिट बिघडले तर रिसीव्हरला चूक कळत नाही. त्याला सरळ दुसराच पत्ता मिळतो, आणि तो भलत्याच देशाचा असू शकतो. जुन्नर-आंबेगावात पश्चिमेला सह्याद्रीची भिंत आहे. तिच्या कडेवरून येणारे क्षीण संकेत आणि एकमेकांवर आदळणारे दोन विमानांचे संदेश यांतून असे भुताटकीचे पत्ते निघतात. ते ओळखणे अवघड नाही. असा पत्ता एकदाच उमटतो, त्याच्यामागे ना स्थान येते ना पुन्हा संदेश. खरे विमान काही मिनिटे तरी तोच पत्ता उघड्या संदेशांत पुन्हापुन्हा देते आणि त्याची ठिकाणे एका सरळ मार्गावर बसतात.

कोणी म्हणेल, खोटा संदेशही सोडता येतो. येतो. पडताळा हा खराब झालेला संदेश पकडतो, लबाडी पकडत नाही, आणि या संदेशांवर सही नसते. पण ठिकठिकाणच्या रिसीव्हरांवर संदेश पोहोचण्याच्या वेळांतला फरक आकाशातल्या विमानासारखा दाखवणे जमिनीवर बसलेल्या लबाडाला सोपे नाही. खोटेपणाची शक्यता हे पत्ता निरुपयोगी ठरवण्याचे कारण असेल, तर रंगवलेली अक्षरेही त्याच न्यायाने बाद होतील.

पत्ता मिळालाच नाही तर? मग देशाविषयी काहीही म्हणता येत नाही. लष्करी विमाने गप्प राहू शकतात आणि आपल्याकडे रात्री दिसणाऱ्या लहान ड्रोनमध्ये असा ट्रान्सपाँडर सहसा नसतोच. पडदा रिकामा आहे म्हणून वर घिरट्या घालणारे परदेशी आहे, हा निष्कर्ष कुठूनही निघत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच. विमानाचा देश सांगायचा असेल तर सहाही अंक लिहून घ्या, वेळ टिपा, तो पत्ता उघड्या संदेशांत निदान काही वेळा आला का ते पाहा आणि मगच गटांच्या यादीतून देशाचे नाव घ्या. यातले काही सुटले असेल, तर तुमच्या माहितीत देश नाही असे समजा आणि त्या विमानाची बातमी पुढे धाडू नका.