कबुतरांचा भाव आणि परक्यांचे अंगण

धर्मग्रंथ कोणाच्या बाजूने वाचावयाचा, हा प्रश्न आपल्या चळवळीतील पुष्कळांना निरर्थक वाटतो. ग्रंथच बाजूला ठेवावा, म्हणजे प्रश्न मिटला, असे त्यांचे म्हणणे असते. परंतु ज्यांच्या घरात एकच ग्रंथ आहे आणि तोही दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, त्यांच्यापुढे हा पर्याय नसतो. पेरू देशातील पाद्री गुस्ताव्हो गुतिएरेस यांनी लिमा शहराच्या गरीब वस्तीत राहून हे ओळखले. 1968 साली चिंबोते येथील व्याख्यानात आणि 1971 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ‘मुक्तीचे ईश्वरशास्त्र’ मांडले. त्यातील ‘मुक्ती’ हा शब्द ‘विकास’ या शब्दाला उत्तर म्हणून आला होता, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे. गरीब राष्ट्रे मागे राहिलेली नसून श्रीमंत राष्ट्रांच्या भरभराटीनेच त्यांना मागे ठेवले आहे, असे लॅटिन अमेरिकेतील परावलंबनवादी अर्थतज्ज्ञ त्या काळी सांगत होते. गुतिएरेस यांनी तो सिद्धान्त स्वीकारला व त्या दृष्टीने बायबल पुन्हा उघडले. 2024 साली त्यांचे निधन झाले. त्यांची वाचनाची रीत मात्र मागे राहिली आहे.

ही रीत भारतात आली तेव्हा तिला येथे एक अडचण भेटली. बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात 1981 साली दिलेल्या एका व्याख्यानात अरविंद निर्मल यांनी ती स्पष्ट शब्दांत मांडली. भारतीय ख्रिस्ती विद्वान प्रथम उच्चवर्णीयांच्या वेदान्तात रमले, आणि मग लॅटिन अमेरिकेकडे पाहून दारिद्र्याविषयी बोलू लागले. परंतु येथील ख्रिस्ती समाजात बहुसंख्य असलेल्या दलितांच्या अनुभवाला, म्हणजे जातीला, त्या दोन्ही बोलण्यांत जागा नव्हती. पुढे मद्रासच्या गुरुकुल महाविद्यालयात निर्मल यांनी दलित ईश्वरशास्त्राच्या विभागाची धुरा वाहिली. 1972 साली मुंबईत दलित पँथरने जो शब्द रस्त्यावर आणला, तोच मराठी शब्द त्यांनी आपल्या शास्त्राच्या नावात घातला.

वर्ग की जात, हा आपल्याकडचा जुना वाद. तो बायबलच्या एकाच प्रसंगावर कसा उमटला, हे पाहिले म्हणजे दोन्ही बाजूंचे बळ आणि दोन्ही बाजूंची उणीव हाती लागते. प्रसंग मार्काच्या शुभवर्तमानातील अकराव्या अध्यायातला आहे. येशू यरुशलेमच्या मंदिरात शिरतो, विकणाऱ्यांना व विकत घेणाऱ्यांना बाहेर घालवू लागतो, सराफांचे चौरंग आणि कबुतरे विकणाऱ्यांच्या बैठका उलथून टाकतो.

गरिबांच्या बाजूने वाचणारा येथे प्रथम सराफ आणि कबुतरे पाहतो, आणि त्यात चूक नाही. प्रत्येक प्रौढ यहुदी पुरुषाने मंदिराला दरसाल अर्धा शेकेल द्यावयाचा असे. तो सोर नगरीच्या चांदीच्या नाण्यांत द्यावा लागे, कारण त्या नाण्यातील चांदी भरवशाची होती. गावाकडून आलेल्या माणसाजवळ ते नाणे नसे. म्हणून सराफ, आणि म्हणून सराफाचा बट्टा. कबुतरांची गोष्ट याहून बोलकी आहे. बाळंत झालेल्या स्त्रीने शुद्धीसाठी कोकरू आणावे, ऐपत नसल्यास दोन कबुतरे आणावीत, असा लेवीय ग्रंथाचा नियम होता. येशूच्या आईने पक्ष्यांचीच जोडी वाहिल्याचे लूक सांगतो. म्हणजे ते घर कोकराच्या ऐपतीचे नव्हते. तेव्हा कबुतरांचा बाजार हा गरीब स्त्रियांचा बाजार होता.

त्या बाजाराविषयी यहुद्यांच्या मिश्ना या ग्रंथात एक नोंद आहे, ती कोणत्याही अर्थशास्त्राच्या वर्गात सांगावी अशी. यरुशलेमात एकदा कबुतरांच्या जोडीचा भाव सोन्याच्या एका दिनारावर चढला. गमलिएलचा पुत्र शिमोन या धर्मगुरूने शपथ घेतली की, हा भाव उतरल्याशिवाय आज झोपणार नाही. त्याने व्यापाऱ्यांना दटावले नाही की भाव बांधून दिला नाही. तो सभेत गेला आणि त्याने निर्णय दिला की, एखाद्या स्त्रीची पाच बाळंतपणांची अर्पणे बाकी असली तरी तिने एकच आणावे. उरलेल्यांचे बंधन नाही. मागणी कोसळली, आणि त्याच दिवशी भाव चांदीच्या दिनाराच्या अंशावर आला. धर्माने निर्माण केलेली मागणी धर्मानेच कमी केली! गरिबाच्या खिशाला मंदिर किती लागत होते हे या नोंदीवरून दिसते. त्याचबरोबर त्या मंदिराच्या परंपरेतच गरिबाची कणव बाळगणारे शास्त्री होते हेही दिसते, आणि ही दुसरी गोष्ट मुक्तिवादी लेखक फार वेळा विसरतात.

परंतु हे वाचन एवढ्यावर थांबले तर अपुरे राहते. येशूचा राग केवळ चढ्या भावावर असता तर त्याने विकणाऱ्यांनाच हाकलले असते. मार्काच्या सांगण्याप्रमाणे त्याने घेणाऱ्यांनाही हाकलले. नंतर तो मंदिराला लुटारूंची गुहा म्हणतो, तेही नीट पाहावयास हवे. ते शब्द यिर्मया संदेष्ट्याचे आहेत. लुटारू गुहेत लूट करीत नाही. लूट बाहेर करतो आणि गुहेत येऊन लपतो. परदेशी, अनाथ आणि विधवा यांच्यावर जुलूम करून मग मंदिरात येऊन आपण सुरक्षित आहोत असे म्हणणाऱ्यांवर यिर्मयाने तो शब्द फेकला होता. सराफाच्या बट्ट्याहून हा आरोप कितीतरी मोठा आहे. तो सगळ्या व्यवस्थेवर आहे.

आता निर्मल यांचे वाचन. त्यांची नजर चौरंगावर नाही, अंगणावर आहे. मंदिराचे सर्वांत बाहेरचे अंगण परराष्ट्रीयांसाठी, म्हणजे यहुदी नसलेल्यांसाठी होते. त्यांना त्याच्या आत जाण्यास मज्जाव होता. आतील कठड्यावर लावलेला ग्रीक भाषेतील शिलालेख 1871 साली सापडला, आणि तो आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे: परक्याने आत येऊ नये, आल्यास ओढवणाऱ्या मृत्यूला तोच जबाबदार राहील, असा त्याचा आशय. निर्मल यांच्या मते बाजार भरला होता तो या बाहेरच्या अंगणात. ज्यांना एवढीच जागा होती त्यांची प्रार्थनेची जागा व्यापाराने बळकावली होती, आणि येशूने ती मोकळी केली. म्हणून निर्मल यांना हा प्रसंग दलितांच्या मंदिरप्रवेशाच्या लढ्याशेजारी ठेवावासा वाटतो.

या वाचनाला ग्रंथातच एक भक्कम आधार आहे. यशया संदेष्ट्याचा आधार घेऊन येशू म्हणतो की हे घर प्रार्थनेचे आहे, आणि ते सर्व राष्ट्रांसाठी आहे. मत्तय व लूक हाच प्रसंग सांगतात, परंतु सर्व राष्ट्रांचा उल्लेख दोघांनीही गाळला आहे. तो एकट्या मार्काने ठेवला. यशयाचा तो अध्याय उघडला तर तेथे परदेशी माणसाला आणि षंढाला उद्देशून सांगितलेले आढळते की, देव आपल्याला वगळील असे त्यांनी म्हणू नये. उलट अनुवाद नावाच्या ग्रंथात षंढाला मंडळीत प्रवेश नाकारलेला आहे. म्हणजे ग्रंथच ग्रंथाशी भांडतो आहे. वाचकाला बाजू घ्यावीच लागते. बाजू न घेता वाचणे म्हणजे पहिल्या नियमाची बाजू घेणे होय.

तथापि निर्मल यांच्या वाचनातही काही सांधे सैल आहेत, आणि त्यांच्या अनुयायांनी ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. बाजार परराष्ट्रीयांच्या अंगणात होता असे मार्क कोठेही लिहीत नाही. ते अभ्यासकांचे अनुमान आहे. अनुमान सयुक्तिक आहे, पण ते अंगण अफाट विस्ताराचे होते; काही चौरंगांनी ते सगळे अडले असेल हे संभवत नाही. दुसरे असे की, परराष्ट्रीय म्हणजे अस्पृश्य नव्हे. परराष्ट्रीयाला स्वतःचा देश, स्वतःची देवळे, पुष्कळदा स्वतःचे सैन्यही होते. यरुशलेमवर राज्य करणारा रोमन हाही परराष्ट्रीयच! शिवाय तो धर्म स्वीकारून कठड्याच्या आत येऊ शकत असे. जन्माने चिकटणाऱ्या विटाळाला असे दार नसते. हा फरक पुसला की यहुदी पुरोहित म्हणजे भारतातील ब्राह्मण, असे सोपे समीकरण तयार होते, आणि ज्या यहुद्यांनी युरोपात शतकानुशतके छळ सोसला त्यांच्यावरच नवा आरोप लादला जातो. पीडितांच्या बाजूने वाचणाऱ्याने दुसऱ्या पीडिताला खलनायक करणे शोभत नाही.

तिसरी गोष्ट नाशिकची. काळाराम मंदिराचा सत्याग्रह मार्च 1930 मध्ये सुरू झाला. तेव्हाच बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते की, मंदिरप्रवेशाने अस्पृश्यांचा सर्व प्रश्न सुटणार नाही. 1934 साली भाऊराव गायकवाडांना त्यांनी पत्राने कळविले की, मूर्तिपूजेच्या ओढीने नव्हे, तर दलित वर्गात चैतन्य यावे व त्यांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून आपण तो लढा आरंभिला होता. ते काम झाले, आता तो नको. 1935 साली येवल्याची घोषणा झाली. म्हणजे नाशिकच्या सत्याग्रहींना अंगण हवे होते ते माणूसपणाचा हक्क म्हणून, आणि तो मिळत नाही असे दिसताच त्यांनी अंगणाकडे पाठ फिरविली. मार्काच्या कथेत हे दुसरे पाऊल नाही. निर्मल यांनी ते दुसरीकडे शोधले: इस्राएलाच्या मिसरातून निघण्याच्या आठवणीत त्यांनी दलितांचे हिंदू धर्मातून बाहेर पडणे पाहिले. मात्र या निघण्याच्या शेवटी दुधामधाचा देश मिळाला नाही, हेही त्यांनी प्रांजळपणे मान्य केले.

मिळाला नाही तो कसा, याचे पुरावे कायद्यात आहेत आणि चर्चमध्येही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; 1956 साली तो शिखांना व 1990 साली बौद्धांना मिळाला, ख्रिस्ती दलितांना या दुरुस्त्यांतून काही मिळाले नाही. म्हणजे धर्म बदलला की सवलत जाते. जात मात्र जात नाही. तिरुनेलवेलीजवळच्या वडक्कनकुळम येथील कॅथलिक चर्चची बांधणीच दुपाखी होती: वेळ्ळाळ ख्रिस्ती एका पाखीत, नाडार ख्रिस्ती दुसऱ्या पाखीत, मध्ये भिंत, आणि दोन्ही पाख्या ज्या एका वेदीशी मिळत ती वेदी प्रार्थनेला सामाईक. ही भिंत 1910 साली पाडली गेली. तेव्हा वेळ्ळाळ ख्रिस्ती भिंतीचा आपला जुना हक्क सांगत न्यायालयात गेले, आणि मद्रास उच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही.