इन्शुला गेला, म्हणून जेम्स खोटा ठरत नाही



विषाणुजन्य मेंदूज्वराने दोन्ही बाजूंचा इन्शुला नष्ट झालेल्या रुग्णासही हर्ष-शोक होतात, असे दामासिओ यांनी २०१३ साली नोंदविले. तेवढ्यावरून विल्यम जेम्सचा देहप्रतिसादवाद रद्दबातल झाला आणि प्रसंगाच्या मूल्यमापनातूनच भावना उपजते हा पक्ष सिद्ध झाला, असा जो निवाडा गतांकातील पत्रलेखकांनी दिला आहे, तो मला घाईचा वाटतो. देहाची वर्दी मेंदूकडे केवळ इन्शुलाच्याच मार्गे पोचते, हे त्यांनी गृहीतच धरले. खालसा व सहकाऱ्यांनी २००९ साली अशाच एका रुग्णास हृदयगती वाढविणारे आयसोप्रोटेरेनॉल शिरेतून दिले, तेव्हा हातातील चकती फिरवून त्याने धडधडीचा चढउतार जवळजवळ निरोगी माणसांसारखाच दाखविला. परंतु छातीवरील त्वचा बधिर करताच त्याची ती जाणीव लोपली, निरोग्यांची मात्र टिकली. म्हणजे त्वचेची वाट त्याच्यापाशी शाबूत होती! आता हेही मी प्रांजळपणे मान्य करतो की, तेथे मोजली गेली ती धडधड, भय नव्हे. दोन्ही वाटा बंद असता भय उरते की नाही, हे त्या प्रयोगाने तपासलेच नाही. आणि खुद्द दामासिओ त्या उरलेल्या भावनांचे मूळ मूल्यमापनात नव्हे, तर देहाची खबर घेणाऱ्या मस्तिष्कस्तंभात शोधतात.

आपला,
एक वाचक