जंतू मारत नाही, म्हणून घटसर्पाची लस कुचकामी?

सध्या मोबाईलवर फिरणारा एक मुद्दा काही पालक माझ्यासमोर ठेवतात. "डॉक्टर, लस घेतलेल्या मुलांच्या घशातही घटसर्पाचे जंतू सापडतात म्हणे. मग ती लस करते तरी काय?" यातला पहिला भाग खरा आहे. लस घेतलेल्या मुलाच्या घशात हे जंतू सापडू शकतात. पण त्यावरून लस निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणं चूक आहे, आणि ही चूक मुलाच्या जिवावर बेतू शकते.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. हिंगोली, वसमत, सेनगावकडच्या शेतकऱ्याला 'घटसर्पाची लस' म्हटलं की पावसाळ्याआधी गाई-म्हशींना टोचली जाणारी लस आठवते. तो रोग वेगळा आणि त्याचा जंतूही वेगळा. जनावरांच्या त्या लसीत मारलेले जंतूच असतात. त्यामुळे लस म्हणजे जंतूंशी लढायला शिकवणारं औषध, असा समज होणं साहजिक आहे. माणसाच्या घटसर्पाच्या, म्हणजे डिप्थेरियाच्या लसीत मात्र या रोगाचा जंतू मेलेलासुद्धा नसतो. असतं ते निकामी केलेलं विष. असं का, हे कळायला रोग मारतो कसा ते पाहावं लागेल.

डिप्थेरियाचा जंतू घशातच राहतो. तो सहसा रक्तात शिरत नाही, हृदयापर्यंत जात नाही. तरीही दुसऱ्या आठवड्यात मुलाचं हृदय बंद पडू शकतं, आणि घसा बरा झाल्यावर काही आठवड्यांनी प्यायलेलं पाणी नाकातून परत येऊ लागतं. जंतू घशात आणि नुकसान हृदयात नि मज्जातंतूंत, हे घडतं कारण जंतू एक विष तयार करतो आणि ते रक्तातून सगळीकडे जातं. ज्या जंतूत हे विष बनवण्याचा जनुक नसतो, तो जंतू हा हृदयापर्यंत पोचणारा रोग करत नाही.

या विषाच्या रेणूचे दोन भाग असतात. एक भाग पेशीच्या बाहेरच्या बाजूला चिकटतो आणि दुसऱ्याला आत सोडतो. आत गेलेला भाग खरा घातकी. आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारे असंख्य छोटे कारखाने असतात. प्रथिनाचा आराखडा एका लांब फितीवर लिहिलेला असतो, कारखाना ती फीत वाचत वाचत एकेक कडी जोडत जातो. प्रत्येक कडी जोडली की फीत एक घर पुढे सरकवावी लागते, आणि ते काम ईएफ-२ नावाचं एक प्रथिन करतं. घटसर्पाचं विष या ईएफ-२ वरच्या एका ठरावीक जागी एक रासायनिक तुकडा कायमचा चिकटवतं. सरकवणारा हातच अडकला की फीत जागेवर थांबते. पेशीला नवं प्रथिन मिळत नाही आणि ती मरते.

यात विष स्वतः खर्च होत नाही, ही सगळ्यात वाईट गोष्ट. एक ईएफ-२ निकामी केलं की तोच रेणू दुसऱ्याकडे वळतो, मग तिसऱ्याकडे. आत शिरलेला एकच रेणू अख्खी पेशी मारू शकतो, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. घशात दिसणारा तो राखाडी, चिकट, ओरबाडला तर रक्त येणारा पडदा म्हणजे अशा मेलेल्या पेशींचाच थर.

आता "झालाच रोग तर अँटिबायोटिक देऊ की" या युक्तिवादाकडे या. पेनिसिलिन किंवा एरिथ्रोमायसिन जंतू मारतं, त्यामुळे नवं विष बनणं थांबतं. ते द्यावंच लागतं. पण आधीच सुटलेल्या विषाला ते हात लावू शकत नाही. त्यासाठी प्रतिविष लागतं. मुंबईच्या हाफकिनमध्ये सर्पदंशावरचं औषध जसं घोड्याच्या रक्तापासून बनतं, तसंच हे. आणि त्याचीही मर्यादा सर्पदंशासारखीच आहे : रक्तात फिरणारं विष ते पकडतं, पेशीत शिरलेलं नाही. म्हणून पहिल्या दिवशी दिलेलं प्रतिविष आणि पाचव्या दिवशी दिलेलं प्रतिविष यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ते प्रत्येक दवाखान्याच्या फ्रीजमध्ये नसतं, हे वेगळंच.

लस हेच काम आधी करून ठेवते. फ्रान्समध्ये गास्तों रामों यांनी १९२३ च्या सुमारास हे विष फॉर्मालिन घालून काही आठवडे उबेत ठेवलं. विषाचा दंश गेला, पण आकार बराचसा तोच राहिला. त्यालाच टॉक्सॉइड म्हणतात. शरीर तो आकार ओळखायला शिकतं आणि प्रतिपिंडं बनवतं. पुढे खरं विष आलं तर ही प्रतिपिंडं त्याला पेशीच्या दारातच धरतात. जंतू घशात असेल, विष बनवतही असेल, पण ते विष कुठल्या पेशीत शिरत नाही. "घटसर्प होऊ द्या, नैसर्गिक प्रतिकारशक्ती येईल" म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं : खरं विष इतक्या कमी मात्रेत घात करतं की रोगातून वाचलेल्या मुलातही पुरेशी प्रतिकारशक्ती येईलच असं नाही. त्यालाही आम्ही बरं झाल्यावर लस देतो.

लस घेतलेल्या घशात जंतू सापडला की काय होतं, हे २०१५ मध्ये स्पेनमधल्या ओलोत गावात दिसलं. सहा वर्षांच्या एका मुलाला पालकांनी लस दिली नव्हती. त्याला घटसर्प झाला. देशात जवळजवळ तीस वर्षांत रुग्ण नव्हता, त्यामुळे प्रतिविषही नव्हतं. ते रशियाहून आणावं लागलं. जूनअखेर तो मुलगा गेला. त्याच्या संपर्कातली मुलं तपासली तेव्हा आणखी आठ जणांच्या घशात तोच जंतू निघाला. त्या आठही जणांनी लस घेतलेली होती, आणि एकही आजारी पडला नाही.

मोबाईलवरचा तो मुद्दा या आठ मुलांकडे बोट दाखवून 'लस फेल' म्हणतो. मी त्याच आठ मुलांकडे पाहून उलट म्हणतो. आणि या गोष्टीत आणखी एक इशारा आहे. "गावातल्या बाकी सगळ्यांनी घेतलीय, माझ्या एकाने नाही घेतली तर काय बिघडतं?" हा हिशेब घटसर्पात चालत नाही. लसीमुळे रुग्ण कमी होतात, त्यामुळे प्रसारही काही प्रमाणात घटतो, पण जंतू निरोगी घशांतून फिरत राहू शकतो. तो तुमच्या मुलापर्यंत पोचला, तर शेजाऱ्याची प्रतिपिंडं तुमच्या मुलाच्या रक्तात नसतात.

लसीची खरी उणीव दुसरीच आहे, आणि ती हे टीकाकार सांगत नाहीत : प्रतिपिंडं वर्षागणिक ओसरतात. म्हणूनच आता आपल्या देशात पाच वर्षांपुढच्या मुलांत हा रोग जास्त दिसतो. दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिन्यांचे पेंटाव्हॅलंट डोस बहुतेकांचे होतात. चुकतात ते पुढचे : सोळा ते चोवीस महिन्यांचा डीपीटी बूस्टर, पाच-सहा वर्षांचा दुसरा बूस्टर, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षीचं टीडी. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर मूल गावात नसतानाच तारीख निघून जाते. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस कोणत्याही गावच्या उपकेंद्रात मोफत मिळतो. कार्ड सोबत न्या. कार्ड हरवलं असेल तर आशाताईंना तसं सांगा, पण मुलाला घेऊन जा.