मीटर दारात, तरी बिलावर ‘लॉक्ड’



राजगुरुनगरात वाडा रस्त्यालगत आमचे घर आहे. वीजमीटर जिन्याखाली, रस्त्यावरून दिसेल असा बसवलेला आहे. त्याला ना कुलूप ना जाळी. बिल वाटणारा मुलगा दर महिन्याला येतो आणि बिलाची घडी करून त्याच मीटरच्या पेटीत खोचून जातो. तरीही फेब्रुवारी ते मे अशा सलग चार बिलांवर शेरा होता ‘लॉक्ड’. म्हणजे घर बंद, रीडिंग मिळाले नाही, म्हणून सरासरीने आकारणी. जो मीटर दिसला नाही म्हणून अंदाज बांधला, त्याच मीटरच्या पेटीत त्या अंदाजाचे बिल खोचून गेले.

वीज वितरण कंपनीशी माझे भांडण अंदाजाने बिल दिले म्हणून नाही. एखाद्या महिन्यात मीटरपर्यंत पोहोचता आले नाही तर तात्पुरते अंदाजे बिल देण्याची सोय नियमातच आहे, आणि प्रत्यक्ष रीडिंग आल्यावर ते जुळवून घ्यायचे असते. आमच्या गावात घरे बंद सापडतात हेही खरे. निम्मे भाडेकरू चाकणच्या कंपन्यांत पाळीवर असतात. सकाळची पाळी असली तर पहाटेच बसने जातात, रात्रपाळी असली तर दिवसा दार लावून झोपतात. माझे म्हणणे एवढेच, की चुकीच्या अंदाजाची किंमत एकट्या ग्राहकाने का मोजायची?

आमचा हिशेब सांगतो. जानेवारीपर्यंत वरच्या खोलीत भाडेकरू होते आणि दोन्ही घरांचा वापर एकाच मीटरवर होता. महिन्याला सुमारे 210 युनिट पडत. जानेवारीअखेर ते खोली सोडून गेले. तेव्हाचे शेवटचे खरे रीडिंग 6412. मेअखेर मी मीटरचे बटण दाबून तारीख, वेळ वगैरे आकडे जाऊ दिले, स्क्रीनवर kWh असे आले तेव्हा फोटो काढला. आकडा होता 6732. चार महिन्यांत 320 युनिट, म्हणजे महिन्याला 80. बिले मात्र जुन्या सरासरीने, 210 ची. चार महिन्यांचे 840 युनिट. न वापरलेले 520 युनिट आमच्या माथी.

यातली खरी मेख युनिटच्या आकड्यात नाही, स्लॅबमध्ये आहे. घरगुती विजेचा पहिल्या शंभर युनिटचा दर कमी असतो, 101 ते 300 चा जवळपास दुप्पट आणि त्यापुढे आणखी चढा. हिशेब सोपा जावा म्हणून पहिला दर एक रुपया आणि दुसरा दोन रुपये धरू. आमचे खरे 80 युनिट पहिल्याच स्लॅबमध्ये बसतात, म्हणजे वीज आकार 80 रुपये. अंदाजाच्या 210 युनिटचे मात्र शंभराचे 100 आणि उरलेल्या 110 चे 220, असे 320 रुपये. स्थिर आणि वहन आकार बाजूला ठेवले तर वापर अडीचपटीहून थोडा जास्त दाखवला आणि वीज आकार चौपट झाला. अंदाज शंभरीपलीकडे गेला की प्रत्येक जादा युनिट वरच्या दराने पडतो.

दुरुस्तीच्या वेळी हीच मेख उलट्या बाजूने बोचते. चार महिन्यांचे 320 युनिट एकाच महिन्याचा वापर म्हणून धरले, तर त्यातले 220 पुन्हा वरच्या स्लॅबमध्ये जातात आणि आकार दीडपटीहून अधिक होतो. म्हणून युनिट महिन्यांत विभागून, दर महिन्याचा स्लॅब वेगळा लावूनच हिशेब व्हायला हवा. हे काही नवे नाही. 2020 च्या टाळेबंदीत रीडिंग थांबले होते. जूनमध्ये एकत्रित बिले आली आणि राज्यभर ओरड झाली, तेव्हा युनिट महिन्यांत विभागून स्लॅबचा लाभ दिल्याचे सांगण्यात आले होते. तेव्हा जमले ते आज एका घरासाठी का जमू नये?

कार्यालयात तीन खिडक्यांवर तीन उत्तरे मिळाली. पहिले, “आधी बिल भरा, मग अर्ज द्या.” दुसरे, “पुढच्या बिलात ॲडजस्ट होईल.” तिसरे, “मीटर टेस्टिंगला टाका, फी भरा.” तिसऱ्या उत्तराने मी चक्रावलो. मीटर फास्ट आहे अशी माझी तक्रारच नव्हती. मीटर बरोबर चालतो आहे, तो कोणी वाचलेला नाही, एवढेच मी सांगत होतो. मीटर सदोष असणे आणि रीडिंग न घेणे हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्याचा इलाज दुसऱ्यावर करायचा, तोही रुग्णाच्या पैशाने, हा कुठला न्याय?

‘आधी भरा’ या उत्तरालाही कायद्यात मर्यादा आहे. वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. शिवाय वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली कमी असेल ती निषेध नोंदवून भरल्यास पुरवठा तोडता येत नाही. एकदम दहापट बिल आलेल्याला ही तरतूद वाचवते. आम्हाला तिचा उपयोग झाला नाही. मागील सहाही बिले 210 च्याच आसपासची. डिसेंबर-जानेवारीची खरी, पुढची चार अंदाजाची. मी ती न पाहता भरत गेलो, ही माझी चूक. हळूहळू मुरलेला चुकीचा अंदाज ग्राहकाची सरासरीच बिघडवतो आणि त्याची ढाल त्याच्याच हातून जाते.

म्हणून वाचकांना एक सांगणे. बिलाची रक्कम पाहण्याआधी मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि शेरा पाहा. दोन्ही रीडिंग सारखी आणि तरी युनिट लावलेले असतील, तर ते बिल अंदाजाचे आहे. त्याच महिन्यात मीटर क्रमांकासह फोटो जोडून लेखी अर्ज द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. दाद न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल आहेत. तिथे वकील लागत नाही, स्वतःची बाजू स्वतः मांडता येते.

कंपनीकडे माझ्या तीन मागण्या आहेत. अंदाजे बिलावर ‘अंदाजे, सलग दुसरा महिना’ असे ठळक छापावे. सलग दुसऱ्या महिन्यात रीडिंग मिळाले नाही तर तिसरे अंदाजे बिल निघण्यापूर्वी कर्मचाऱ्याने जागेवर येऊन पाहावे. आणि दुरुस्ती करताना महिनावार हिशेबाचा कागद ग्राहकाच्या हाती द्यावा. ‘ॲडजस्ट होईल’ हा हिशेब नव्हे. स्मार्ट मीटर आले की प्रश्न सुटेल, असे खिडकीवर ऐकवले गेले. ते येतील तेव्हा येतील. आमचा आजचा मीटर वाचायला नवे यंत्र नको. बिल खोचायला हात पेटीत जातो, तेव्हा नजर दोन बोटे वर न्यावी, बस्स.

आपला,
एक वीजग्राहक,
वाडा रस्ता, राजगुरुनगर