एकदा पिन दिला की झालं?

ऑटोपेबद्दल बोलताना लोक म्हणतात, "आपणच परवानगी दिलेली असते ना!" मान्य. पण नक्की कशाची परवानगी दिली, ते स्क्रीनवर एकदा नीट बघा.

यूपीआयच्या मॅंडेटमध्ये रकमेसोबत एक नियम जातो. तो EXACT असला, तर दर वेळी तेवढेच पैसे कापता येतात. MAX असला, तर लिहिलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा. तिच्या आत कंपनी कितीही मागू शकते. वीजबिलाला MAX हवाच, कारण मे महिन्यात एसी चालतो आणि बिल फुगतं. पण महिन्याला ठरलेले १९९ रुपये घेणाऱ्या ॲपला MAX कशाला लागतो हो?

ऑफिसातल्या एका मित्राचं उदाहरण घ्या. एका ॲपची 'फक्त १ रुपयात ट्रायल'. बटणावर १ रुपया ठळक, आणि खाली बारीक अक्षरांत 'कमाल ५,००० रुपये, दरमहा'. त्याने पिन टाकला. पुढच्या महिन्यात १९९ कापले गेले, काही महिन्यांनी २९९, मग ४९९. परत पिन कुणी विचारला नाही, आणि नियमाने विचारायची गरजही नव्हती. रिझर्व्ह बँकेने जून २०२२ मध्ये विनापिन कपातीची मर्यादा १५,००० रुपये केली (विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाच्या बिलासाठी डिसेंबर २०२३ मध्ये १ लाख). ४९९ तिच्याही आत आणि मॅंडेटच्याही आत. सगळं कसं कायदेशीर! मधे त्याने ॲप डिलीट केलं, तरी कपात चालूच. साहजिक आहे, मॅंडेट ॲपमध्ये नसतं, बँकेकडे असतं.

कपातीच्या किमान २४ तास आधी मेसेज येतो, हे खरं. पण तो ओटीपी आणि कर्जाच्या जाहिरातींच्या गर्दीत येतो, आणि गप्प बसलात की पैसे जातात. गंमत बघा, कार्डावरच्या मॅंडेटमधून बाहेर पडायचं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार त्यासाठी पुन्हा पडताळणी लागते. म्हणजे पैसे जाताना कुणी काही विचारत नाही, थांबवायला गेलं की ओळख पटवा!

माझं म्हणणं सोपं आहे. ठरलेल्या किमतीच्या वर्गणीला EXACT सक्तीचा करा. भाव वाढवायचाय? नवीन मॅंडेट मागा. "ग्राहकाला त्रास होईल," असं आमच्याच धंद्यातली मंडळी म्हणतील. मी अशा मीटिंगांना बसलोय. तिथे ज्याला 'त्रास' म्हणतात, तो बहुतेक वेळा ग्राहकाने 'नको' म्हणण्याचा धोका असतो.

असो. ज्या यूपीआय ॲपमधून पिन दिला होता, त्यात ऑटोपे किंवा मॅंडेटचा विभाग आज उघडा. प्रत्येक नोंदीत शेवटची कपात आणि कमाल रक्कम शेजारी ठेवून बघा. १९९ च्या शेजारी ५,००० दिसले, तर तिथूनच रद्द करा. कार्डावरची मॅंडेट्स त्यात दिसणार नाहीत, ती बँकेच्या साइटवर वेगळी शोधावी लागतात.