धूळ झटकण्याची एवढी घाई कशाला?



उपवासकाळाआधीच्या बैठकीत मिस्सेला येणं थांबवलेल्या कुटुंबांची यादी वाचली जाते. एकेका नावावर कुणीतरी म्हणतं, "मेसेज टाकला होता. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही." मग दुसरं कुणी म्हणतं, "पायाची धूळ झटका, असं प्रभूनेच सांगितलंय." आणि नावावर काट बसते. मला या सोयीस्कर वापराविरुद्धच बोलायचं आहे.

लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघडून पाहा. प्रभू शिष्यांना दोघादोघांनी पाठवतो, फोन करायला नव्हे तर चालत. ते गावात जातात, घरात शिरतात, शांतीचा आशीर्वाद देतात. तोंडावर नकार मिळाला तरच धुळीची गोष्ट येते. आणि धूळ झटकतानाही, देवाचं राज्य तुमच्याजवळ आलं आहे, हेच सांगायचं असतं. जो उंबऱ्यापर्यंत गेलाच नाही, त्याच्या पायाला झटकायला धूळ तरी कुठून लागणार?

आता मागचा, नववा अध्याय पाहा. येशूने पुढे पाठवलेल्यांना एका शोमरोनी गावाने उतरू दिलं नाही. कारण लूकने सांगितलं आहे: तो यरुशलेमला निघाला होता. उपासना कुठे करायची, हा यहुदी आणि शोमरोनी लोकांचा कित्येक पिढ्यांचा वाद. म्हणजे निरोप घेऊन गेलेल्यांचं काही चुकलं नव्हतं. नकार त्यांच्या आधीपासून त्या गावात बसलेला होता. पण याकोब आणि योहान यांना तो झोंबला. आकाशातून अग्नी पाडू का, असं त्यांनी विचारलं. प्रभूने त्यांनाच धमकावलं आणि सगळे दुसऱ्या गावी गेले.

गोष्ट इथे संपत नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शोमरोनात वचन स्वीकारलं गेल्याची बातमी येते आणि तिथे पेत्राबरोबर कोण जातो? तोच योहान. ज्यांच्यावर आग मागितली, त्यांच्याच प्रांतातल्या लोकांवर तो हात ठेवून पवित्र आत्म्यासाठी प्रार्थना करतो. परतताना दोघं शोमरोनातल्या अनेक गावांत सुवार्ता सांगतात. पूर्वी नकार देणारं गाव त्यांत होतं का, हे लिहिलेलं नाही. पण त्या दिवशी आग पडली असती, तर पुढे त्या गावात जायला कारणच उरलं नसतं.

हे मी शहाणपणाने सांगत नाही; मार खाऊन शिकलो. बेळगावात, शहापूरच्या एका गल्लीत राहणारं कुटुंब. मुलगा माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात यायचा, तो अचानक यायचा थांबला. तीन मेसेज केले, दोन फोन केले. जुलैच्या पावसात घरी गेलो, तर आत टीव्ही चालू आणि दार बंद. मी वहीत लिहिलं, "गर्विष्ठ. पुन्हा जाणे नाही." आठ महिन्यांनी मुलाची आई बाजारात भेटली. नवऱ्याचं काम गेलं होतं आणि पॅरिशची वर्गणी थकली होती. मी ती मागायलाच आलो, असं त्यांना वाटलं. ती म्हणाली, "सर, तुमचा आवाज ओळखला होता. लाज वाटली हो." माझे तिन्ही मेसेज काढून पाहिले. तिन्हींत एकच प्रश्न होता: का येत नाही? उत्तर देण्याऐवजी गप्प राहणं त्यांना सोपं वाटलं, यात नवल ते काय?

तेव्हापासून वहीत मी माणसाचा स्वभाव लिहीत नाही, फक्त घडलेलं लिहितो: तारीख, "दार उघडलं नाही" आणि पुन्हा कधी जायचं. साधारण सहा आठवड्यांनंतरची तारीख घालतो, म्हणजे रागाच्या भरात ती पुढे ढकलली जात नाही. मेसेजमध्ये प्रश्न नसतो. "आज मिस्सेत तुमच्या घरासाठी प्रार्थना केली. उत्तराची गरज नाही," एवढंच. आणि एकटा जात नाही. दोघं असलो, की परतताना सोबतचा विचारतो, "तुम्हाला एवढं का लागलं?" निम्मा राग तिथेच उतरतो.

मात्र कुणी स्पष्ट सांगितलं, "येऊ नका," तर जायचं नाही, मेसेजही नाही. तिथे चिकाटी म्हणजे छळ. रस्त्यात भेटले तर नमस्कार करायचा, तोही पूर्वीइतकाच मनापासून. मौन आणि नकार यांतला हा फरक ज्याला कळत नाही, तो एकतर लवकर पळतो, नाहीतर नको तिथे चिकटतो.

शहापूरचा तो मुलगा अजून वर्गात आलेला नाही. पण मागच्या खेपेला दार उघडलं, चहा झाला. वहीत पुढची तारीख घातली आहे.

यंदाच्या बैठकीत यादी वाचली जाईल, तेव्हा काट मारण्याआधी एकच विचारा: या घराच्या पायरीपर्यंत आपल्यापैकी कोण गेलं होतं?