वीस किलोमीटर आणि एक सिलिंडर

आमचे बाबा ६३ वर्षांचे. आठ वर्षांपासून बी.पी.ची गोळी रोज सकाळी, चहाच्या आधी. आळंदीतच राहत असल्यामुळे दरवर्षी माऊलींच्या पालखीबरोबर पुण्यापर्यंत चालणं हा त्यांचा नेम. मी दरवर्षी म्हणतो, "बाबा, बी.पी. आहे, यंदा दिघीपर्यंत जा आणि परत या." ते दरवर्षी ऐकत नाहीत. :)

यंदाही ऐकलं नाही. दिघी, कळस, विश्रांतवाडी, संगमवाडी करत भवानी पेठेत पोहोचले, दर्शन घेतलं आणि रात्री नऊला बस-रिक्षा बदलत घरी आले. पाय दुखत होते, पण चेहरा टवटवीत. आणि नेमका त्याच वेळी गॅस संपला. मी हात धुवून येईपर्यंत बाबांनी गॅलरीतला भरलेला सिलिंडर दोन्ही हातांनी उचलला, दात-ओठ खाऊन पाच-सहा पावलं स्वयंपाकघरापर्यंत आणला, ओट्याखाली ठेवला, सरळ उभे राहिले आणि भिंत धरून खाली बसले. "डोळ्यांपुढे अंधारी आली रे," एवढंच म्हणाले. आईचा अर्थातच निष्कर्ष तयार होता: "एवढं चालायला कुणी सांगितलं होतं?"

माझं मत तेव्हाही वेगळं होतं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी बाबांना तपासून बरंचसं तेच सांगितलं. मुख्य गुन्हेगार वीस किलोमीटर नव्हते. सिलिंडरसोबतचे सात-आठ सेकंद होते. (असं घरी कुणाला झालं तर ब्लॉग वाचत बसू नका, आधी डॉक्टरकडे जा. आम्ही गेलो.)

म्हणजे बघा, चालताना काय होतं? पायांच्या मोठमोठ्या स्नायूंना रक्त हवं असतं, म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. हृदय जास्त रक्त ढकलतं, पण पुढची वाट मोकळी असते. त्यामुळे बी.पी.चा वरचा आकडा चढतो, जोरदार चाललं तर १६०-१८० पर्यंतही जातो, पण खालचा जवळपास जागेवर राहतो किंवा थोडा उतरतो. श्वासाचंही तसंच. आत-बाहेर होणारी छाती पंपासारखी रक्त हृदयाकडे ओढत राहते. शिवाय दिंडीत माणूस सतत अभंग म्हणत असतो. गायचं म्हणजे चटकन श्वास घ्यायचा आणि सावकाश सोडायचा. गाता येतंय तोवर श्रम आवाक्यात आहेत, घशातून सूर निघेनासा झाला की आपोआप पाय मंदावतात. मनगटावरच्या महागड्या घड्याळाइतकंच हे मोजमाप कामाचं आहे.

आता सिलिंडर. आत १४.२ किलो गॅस, आणि टाकीचं वजन धरून सगळं मिळून तीस किलोच्या आसपास. बाबांनी खोल श्वास घेतला, घसा बंद केला आणि पोट आवळून जोर लावला. हे कुणी शिकवावं लागत नाही. विमानात कान बंद झाल्यावर नाक दाबून फुंकतो, किंवा सकाळी पोट साफ होत नाही तेव्हा कुंथतो, तोच हा प्रकार. वैद्यकात त्याला वाल्साल्वा म्हणतात. या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १७०४ साली कानाच्या संदर्भात त्याचं वर्णन केलं होतं.

घसा बंद करून जोर लावला की छातीतला दाब एकदम वाढतो. पहिल्या एक-दोन सेकंदांत तो थेट धमन्यांवर पडतो आणि बी.पी. उसळतं. पण त्याच दाबामुळे शरीराकडून हृदयाकडे परतणाऱ्या शिरा चेपल्या जातात. हृदयात रक्त कमी येतं, म्हणून बाहेरही कमी जातं, आणि श्वास रोखून धरला तर दाब घसरू लागतो. शेवटी वजन ठेवलं, श्वास सुटला, आवळलेले स्नायू सैल झाले, की दाब आणखी खाली कोसळतो. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. अंधारी येते ती इथे, म्हणजे वजन ठेवल्यावर.

आता आईलाही थोडं श्रेय द्यायला हवं. दिवसभर चालल्यामुळे बाबांच्या पायांतल्या वाहिन्या अजून रुंदावलेल्या होत्या, घाम बराच गेला होता, पाणी बेताचंच प्यायलं होतं, आणि वर गोळीचा परिणाम. त्यामुळे खड्डा जास्त खोल झाला. चालणं एरवी निर्दोष, पण त्या रात्री साक्षीदार म्हणून हजर होतं.

हे मला नीट कळायचं कारण म्हणजे जिम. मागच्या वर्षी डेडलिफ्टचे तीन रेप्स मी एकाच श्वासात उरकले आणि बार ठेवल्यावर तारे पाहिले. तेव्हा थोडं वाचलं होतं. १९८५ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात काही बॉडीबिल्डर्सच्या दंडातल्या धमनीत बारीक नळी घालून बी.पी. मोजलं होतं, कारण हाताला बांधायचा पट्टा इतक्या झपाट्याने बदलणारा दाब पकडू शकत नाही. दोन्ही पायांनी जड लेग प्रेस करताना सरासरी आली ३२० वर २५०, आणि एकाची तर ४८० वर ३५० पेक्षा जास्त! मला आधी टाइपिंगची चूक वाटली. पण हा सगळा दोष श्वासाचा नाही. आवळलेला स्नायू स्वतःच्याच वाहिन्या चिमटतो, त्याचाही वाटा मोठा आहे. १९९५ च्या दुसऱ्या एका प्रयोगात नेमका श्वासाचा वाटा वेगळा काढला: झेपेल तेवढं कमाल वजन श्वास रोखून ढकललं तर सरासरी ३११ वर २८४, आणि हळूहळू श्वास सोडत ढकललं तर १९८ वर १७५. वजन तेच.

मग जिममध्ये रोज कुणाची नस का फुटत नाही? कारण छातीतला वाढलेला दाब मेंदूभोवतीच्या द्रवापर्यंतही पोहोचतो. वाहिनीवर आतून ताण वाढतो तसा बाहेरूनही आधार मिळतो, म्हणून भिंतीवरचा खरा भार आकड्यावरून वाटतो त्यापेक्षा कमी असतो. आणि रोखलेल्या श्वासाने पोट घट्ट होऊन कण्याला जो आधार मिळतो तो खोटा नाही. म्हणून "श्वास कधीच रोखू नका" ही जिमच्या भिंतीवरची पाटी मला अर्धवट वाटते. कमाल क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांच्या वर गेलं की थोडा श्वास अडकतोच, पाटी काहीही म्हणो. पण "दम धर, दम धर" ओरडणारा आमचा ट्रेनरही तितकाच अर्धवट. तो समोरच्याचं बी.पी. कधी विचारत नाही, आणि किती वेळ धरायचा तेही सांगत नाही.

मी आता प्रत्येक रेपला नवा श्वास घेतो. उचलण्याच्या अवघड टप्प्यापुरता, दोनेक सेकंद धरतो आणि तो ओलांडला की सोडतो. चेहरा लालभडक झाला, ठेवल्यावर डोकं हलकं वाटलं, तर वजन उतरवतो. बी.पी. असलेल्या माणसाला मात्र हे दोन सेकंदही मी सुचवणार नाही. त्याने वजनच इतकं हलकं घ्यावं की उचलताना तोंडाने बोलता येईल.

हमाल लोकांचं बघा. मार्केट यार्डात पोतं उचलताना "हुश्श" किंवा "हैय्या" निघतंच. आवाज निघाला म्हणजे घसा उघडा आहे. आमचा सिलिंडरवाला तर टाकी खांद्यावर घेऊन दोन मजले चढतो आणि वाटेत मोबाईलवर बोलतो.

बाबांना हे सगळं सांगितलं. ३२० वर २५० ऐकून त्यांनी फक्त भुवया उंचावल्या. परवा पुन्हा गॅस संपला, मी ऑफिसात होतो. घरी आलो तर सिलिंडर जोडलेला. बाबांनी तो न उचलता, कडेवर तिरका करून गॅलरीतून फिरवत फिरवत आणला होता. आणि आई सांगत होती, पूर्ण वेळ मोठ्याने "ज्ञानोबा-तुकाराम" चालू होतं. फरशीवर गंजाचे गोल उमटलेत, ते आता मला पुसायचे आहेत.